फोन इंग्रजीत, व्हॉट्सॲप मराठीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपविषयी आहे. आयफोन, टेलिग्राम आणि सिग्नल यांच्यासाठी पुढे वेगळे प्रश्न आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतले आहे: फोनची भाषा इंग्रजी आणि व्हॉट्सॲपची मराठी. फोन हिंदीत किंवा मराठीत असला, तरी नियम हेच. मेनूंची नावे फोनवर दिसतात तशी इंग्रजीत दिली आहेत.

फोनची भाषा आणि ॲपची भाषा वेगळी असूच कशी शकते?

पडद्यावरचा सगळा मजकूर एकच प्रोग्रॅम लिहीत नाही. सेटिंग्ज, वरून खाली ओढायची पट्टी आणि परवानगी विचारणाऱ्या चौकटी अँड्रॉइडच्या असतात. चॅटची यादी, बटणे आणि "हा मेसेज डिलीट केला गेला" यासारख्या ओळी व्हॉट्सॲपच्या असतात. व्हॉट्सॲप आपल्या सगळ्या वाक्यांची भाषांतरे स्वतःकडे बाळगते, प्रत्येक भाषेचा संच वेगळा. बटणावरचा मराठी शब्द व्हॉट्सॲपच्या भाषांतरकारांनी ठरवलेला असतो. फोन तिथे काहीही भाषांतर करत नाही.

ॲप सुरू झाले की कोणता संच वापरायचा हे ठरते. ॲपसाठी वेगळी भाषा निवडलेली असेल तर तो संच घेतला जातो. निवडलेली नसेल तर अँड्रॉइड फोनच्या भाषांची यादी वरून खाली पाहते आणि ॲपकडे असलेली पहिली भाषा घेते. म्हणून ॲपमध्ये एकदा स्पष्टपणे मराठी निवडली की नंतर फोनची भाषा कितीही वेळा बदला, व्हॉट्सॲप मराठीतच राहते. "फोन इंग्रजी केला तरी व्हॉट्सॲप मराठीच दिसते" ही तक्रार बहुतेक वेळा याच कारणाने येते: कधीतरी, कुणीतरी ती निवड केलेली असते.

व्हॉट्सॲपची भाषा नेमकी कुठे बदलायची?

व्हॉट्सॲप उघडा, वर उजवीकडच्या तीन टिंबांवर टॅप करा, Settings मध्ये जा आणि App language निवडा. तिथे भाषांची यादी येते. प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत असते, त्यामुळे "मराठी" हा शब्द मराठीतच शोधायचा. तो निवडला की पडदा क्षणभर नव्याने उघडतो आणि मेनू मराठीत येतात. फोन बंद-चालू करावा लागत नाही आणि चॅटनाही काही होत नाही.

जुन्या आवृत्त्यांत हीच ओळ Settings मधल्या Chats च्या आत होती. जुने मार्गदर्शन वाचून कुणी तिथे शोधत असेल, तर ती आता एक पायरी वर आली आहे.

माझ्याकडे App language ही ओळच दिसत नाही. का?

ही सोय व्हॉट्सॲपच्या आत सगळ्या देशांत दिलेली नाही. जिथे नाही तिथे व्हॉट्सॲप फोनची भाषा घेते. पण २०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा फोनच्या सेटिंग्जमधूनही ठरवता येते. होम स्क्रीनवर व्हॉट्सॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, App info उघडा आणि खाली Language ही ओळ शोधा. सगळ्या ॲपची यादी एकत्र हवी असेल तर पिक्सेलवर ती Settings, System, Languages या वाटेने App languages मध्ये मिळते. सॅमसंगच्या फोनवर Settings, General management, App languages अशी वाट आहे.

त्या यादीत एखादे ॲप दिसत नसेल तर ते बिघडलेले नाही. कोणकोणत्या भाषा आपल्याकडे आहेत हे ॲप बनवणाऱ्याने एका छोट्या फाइलमध्ये जाहीर करावे लागते. ती फाइल नसेल तर अँड्रॉइड ते ॲप यादीत घेत नाही.

अँड्रॉइड १२ किंवा त्याआधीचा फोन असेल आणि व्हॉट्सॲपमध्येही ओळ नसेल, तर फोनचीच भाषा बदलणे एवढाच मार्ग उरतो.

मराठी निवडली, तरी काही चौकटी इंग्रजीतच का येतात?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. कोणती चौकट कोण काढते हे एकदा कळले की उत्तर आपोआप मिळते, म्हणून एक प्रसंग पायरीपायरीने पाहू. फोन इंग्रजीत आहे, व्हॉट्सॲप नुकतेच मराठीत केले आहे आणि एक पीडीएफ पाठवायची आहे.

चॅट उघडली. वरचे मेनू, खाली मेसेज लिहायच्या जागेतला फिकट शब्द आणि तारखेच्या पट्टीवरचे "आज" किंवा "काल" हे सगळे मराठीत आहे, कारण ते व्हॉट्सॲप लिहिते. पिनेच्या चिन्हावर टॅप केले. उघडणाऱ्या पर्यायांची नावेही मराठीत. त्यातून डॉक्युमेंट निवडून फोनमधल्या इतर फाइल शोधायला गेलो की एक वेगळा पडदा येतो, Recent वगैरे शब्द असलेला आणि पूर्ण इंग्रजी. तो व्हॉट्सॲपचा नाहीच. फाइल निवडण्यासाठी व्हॉट्सॲपने अँड्रॉइडची स्वतःची खिडकी बोलावली आहे आणि ती फोनच्या भाषेत आली आहे. फाइल निवडून परत आलो की पुन्हा मराठी.

आता व्हॉइस मेसेजसाठी पहिल्यांदाच मायक्रोफोन दाबला. परवानगीची चौकट इंग्रजीत येते, While using the app आणि Don't allow या बटणांसह. ही चौकट मुद्दामच अँड्रॉइडच्या हातात ठेवलेली आहे. परवानगीचे शब्द कोणत्याही ॲपला आपल्या सोयीने बदलता येऊ नयेत, हे योग्यच आहे. मात्र काही वेळा त्याआधी "पुढच्या चौकटीत परवानगी द्या" अशी समजूत घालणारा एक पडदा येतो. तो व्हॉट्सॲपचा असतो, म्हणून मराठीत असतो. लागोपाठ दोन चौकटी दोन भाषांत दिसल्या तर त्याचा अर्थ एवढाच.

नोटिफिकेशनमध्ये दोन्ही भाषा एकाच चौकटीत भेटतात. "३ नवीन मेसेज" ही ओळ आणि खालचे उत्तर देण्याचे बटण व्हॉट्सॲपचे, म्हणजे मराठी. नावाशेजारची 5m अशी छोटी वेळ आणि तळाचे Clear all फोनचे, म्हणजे इंग्रजी. याशिवाय फोनच्या सेटिंग्जमध्ये व्हॉट्सॲपच्या नोटिफिकेशनचे जे प्रकार दिसतात, त्यांची नावे व्हॉट्सॲपने आधी कधीतरी नोंदवलेली असतात. ॲप ती पुन्हा नोंदवीपर्यंत जुन्याच भाषेत राहू शकतात. त्यासाठी काही करायची गरज नाही.

एखादी चौकट कुणाची हे ओळखायचे असेल तर तात्पुरती फोनची भाषा बदलून पाहा. तिची भाषा बदलली तर ती अँड्रॉइडची, बदलली नाही तर व्हॉट्सॲपची.

एकाच पडद्यावर दहा ओळी मराठीत आणि एक इंग्रजीत, असे का?

ॲपमध्ये नवी सोय आली की तिची वाक्ये आधी इंग्रजीत लिहिली जातात आणि भाषांतर मागून येते. विशेषतः बीटा आवृत्तीत अशा ओळी जास्त दिसतात. मराठी संचात एखादे वाक्य सापडले नाही, तर अँड्रॉइड ॲपच्या मूळ संचातले वाक्य दाखवते आणि तो संच सहसा इंग्रजी असतो.

इथे एक गैरसमज आढळतो. फोनच्या भाषांच्या यादीत पहिली मराठी आणि दुसरी हिंदी ठेवली, की मराठीत नसलेली ओळ हिंदीत दिसेल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. ती यादी कोणता संच घ्यायचा एवढेच ठरवते. एकदा मराठी संच ठरला की त्यातली उणीव मूळ इंग्रजी संचातून भरली जाते, दुसऱ्या क्रमांकाच्या भाषेतून नाही. यावर उपाय म्हणजे ॲप अपडेट करणे आणि थोडे थांबणे.

भाषा निवडली, पण काहीच बदलले नाही. काय तपासावे?

आधी इंटरनेट तपासा. कारण वरकरणी विचित्र वाटेल, पण ते असे: जागा वाचवण्यासाठी प्ले स्टोअर बऱ्याच ॲपच्या सगळ्या भाषा फोनवर उतरवत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये ज्या भाषा आहेत तेवढ्यांचेच संच देते. फोन फक्त इंग्रजीत असेल तर मराठी संच फोनवर नसू शकतो आणि भाषा निवडल्यानंतर तो मागवावा लागतो. काही ॲप बनवणारे ही छाटणी मुद्दाम बंद ठेवतात आणि सगळ्या भाषा एकत्र पाठवतात. तिथे हा त्रास होत नाही.

नेट चालू असूनही ॲप इंग्रजीतच असेल तर प्ले स्टोअरमधून ते अपडेट करून पाहा. तरीही फरक पडला नाही तर फोनच्या भाषांच्या यादीत मराठी दुसऱ्या क्रमांकावर जोडा. फोन इंग्रजीतच राहतो, पण प्ले स्टोअरला मराठी संच हवा असल्याचे कळते. हा उपाय साधा आहे आणि बहुधा लागू पडतो.

ॲप एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फाइल म्हणून पाठवून टाकलेले असेल तर अडचण वेगळी. अशा वेळी ॲपचा मुख्य भाग तेवढा येतो आणि भाषांचे संच मागे राहतात. अशा प्रतीत भाषांची यादी दिसते, निवडही होते, पण शब्द इंग्रजीच राहतात. चॅटचा बॅकअप घेऊन ॲप प्ले स्टोअरमधून नव्याने टाकणे हाच उपाय. बॅकअप पूर्ण झाल्याची तारीख आणि वेळ पाहिल्याशिवाय जुने ॲप काढू नका.

भाषा बदलते, पण अधूनमधून परत इंग्रजी होते. का?

याची दोन कारणे नेहमी सापडतात. पहिले म्हणजे निवड दोन ठिकाणी झालेली असणे: ॲपच्या आत मराठी आणि फोनच्या App languages मध्ये इंग्रजी. नव्या पद्धतीने बांधलेल्या ॲपमध्ये या दोन जागा म्हणजे एकच नोंद असते, एकीकडे बदलले की दुसरीकडेही बदलते. जुन्या पद्धतीच्या ॲपमध्ये आतली नोंद वेगळी राहते. कोणती पद्धत आहे हे कळायला एका जागी बदल करा आणि दुसरी जागा उघडून पाहा. तिथे बदल दिसला नाही तर दोन्हीकडे मराठीच ठेवा.

दुसरे कारण अँड्रॉइड ७ पासून माहीत असलेले आहे. ॲपच्या आतच वेबपान उघडले, मदतीचे किंवा अटींचे, की ते दाखवणारा अँड्रॉइडचा भाग पहिल्यांदा सुरू होताना ॲपची भाषा पुन्हा फोनच्या भाषेवर नेऊन ठेवू शकतो. ॲप बनवणाऱ्याने त्याची काळजी घेतली नसेल तर मागे आल्यावर पडदा इंग्रजीत दिसतो. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडले की मराठी परत येते. भाषा नेमकी मदतीचे पान पाहिल्यावरच उडत असेल तर कारण हेच, आणि ही खूण तक्रारीत लिहिली तर दुरुस्ती करणाऱ्याचा बराच शोध वाचतो.

संगणकावर अँड्रॉइडची विकासक साधने असतील आणि फोनवर यूएसबी डीबगिंग चालू असेल, तर अँड्रॉइड १३ किंवा पुढच्या फोनवर काय नोंद आहे हे थेट पाहता येते:

```
adb shell cmd locale get-app-locales com.whatsapp --user 0
```

उत्तरात कंसात काही नसेल तर फोनकडे या ॲपसाठी वेगळी भाषा नोंदलेली नाही. तरीही ॲप मराठीत दिसत असेल तर निवड ॲपच्या आत आहे.

व्हॉट्सॲप मराठीत केले, पण टाइप करताना इंग्रजी अक्षरेच येतात.

कीबोर्ड हे तिसरे, स्वतंत्र ॲप आहे आणि त्याच्या भाषा त्याच्याच सेटिंग्जमध्ये असतात. जीबोर्ड असेल तर कीबोर्डवरच्या गिअरच्या चिन्हातून Languages उघडा, Add keyboard मधून मराठी जोडा. देवनागरी कळा आणि इंग्रजी अक्षरांत लिहून देवनागरी मिळवणे, असे दोन्ही प्रकार तिथे मिळतात. मग गोलाच्या चिन्हाने किंवा स्पेसची कळ दाबून धरून भाषा बदलता येते. याचा ॲपच्या भाषेशी दोन्ही दिशांनी संबंध नाही: मेनू इंग्रजी ठेवून मराठीत लिहिता येते आणि मराठी मेनू ठेवून इंग्रजीत.

आलेले मेसेजही मराठीत होतील का?

नाही. मेसेज, ग्रुपची नावे आणि संपर्कांची नावे जशी लिहिली तशीच राहतात.

तारखा आणि वेळ देवनागरी अंकांत दिसू लागली. हे का झाले?

भाषा बदलली की वाक्यांबरोबर तारीख आणि आकडे लिहिण्याची पद्धतही बदलते. अँड्रॉइड ज्या प्रमाणित भाषा-माहितीवर चालते, तिच्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत. हिंदीसाठी मात्र 1, 2, 3 असे अंक धरले आहेत. त्यामुळे तेच ॲप हिंदीत 10:35 आणि मराठीत १०:३५ दाखवू शकते. ॲप बनवणाऱ्याने एखाद्या ठिकाणी अंक ठरावीकच ठेवले असतील तर एका पडद्यावर दोन्ही प्रकार दिसतात. १२ तासांचे घड्याळ की २४ तासांचे, हे मात्र ॲपच्या भाषेच्या यादीत ठरत नाही. ते फोनच्या Date & time मध्ये आहे.

माझी भाषा इतरांना कळते का? ग्रुपमध्ये काही बदलते का?

कळत नाही. "अमुकने तमुकला जोडले" यासारखी ओळ प्रत्येक फोन आपापल्या भाषेत लिहितो. एकाच ग्रुपचे दोन स्क्रीनशॉट दोन भाषांत दिसतात ते यामुळेच.

चॅट एक्सपोर्ट करताना मात्र लक्ष द्या. त्या मजकूर-फाइलमधल्या तारखांची मांडणी आणि फोटोच्या जागी येणारी `<Media omitted>` ही खूण एक्सपोर्टच्या वेळच्या भाषेनुसार लिहिली जाते. ती फाइल पुढे एखाद्या प्रोग्रॅमला द्यायची असेल आणि तो इंग्रजी खूण शोधत असेल, तर त्याला काहीच सापडणार नाही. अशा कामापुरती ॲपची भाषा इंग्रजी करा, एक्सपोर्ट करा आणि मग परत मराठी करा. एकाच चॅटचे दोन एक्सपोर्ट जोडायचे असतील तर दोन्ही वेळा भाषा एकच हवी.

चुकून वाचता न येणारी भाषा निवडली. आता परत कसे यायचे?

शब्द वाचू नका, जागा आणि चिन्हे पाहा. तीन टिंबे आहेत तिथेच असतात आणि Settings ही त्या मेनूतली शेवटची ओळ असते. आत पृथ्वीच्या गोलाचे चिन्ह असलेली ओळ म्हणजे App language. यादीत "मराठी" मराठीतच लिहिलेले सापडेल. उर्दू किंवा अरबी निवडली गेली असेल तर सगळी मांडणी उजवीकडून डावीकडे उलटते, म्हणून तीन टिंबे डाव्या कोपऱ्यात शोधा. तरीही जमले नाही तर फोनच्या App info मधली Language ओळ वापरा. ती फोनच्या भाषेत, म्हणजे वाचता येईल अशा भाषेत असते. तिथे सर्वांत वरचा पर्याय System default आहे. ॲप पुन्हा फोनच्या मागे चालावे असे वाटत असेल तर तो निवडा.

आयफोनवर काय करायचे?

तिथे ही निवड आयफोनच्या सेटिंग्जमध्ये आहे. २०१९ च्या आयओएस १३ पासून प्रत्येक ॲपला वेगळी भाषा देता येते. Settings मध्ये व्हॉट्सॲप शोधा (आयओएस १८ पासून ॲपची यादी Apps या भागात गेली आहे), ते उघडा आणि Language वर टॅप करा.

ती ओळ नसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे फोनमध्ये एकच भाषा नोंदलेली असणे. General, Language & Region मध्ये जाऊन Add Language ने मराठी जोडा. मुख्य भाषा बदलायची का असे विचारले तर इंग्रजीच ठेवा. मग Language ची ओळ दिसू लागते. भाषा बदलताना आयफोन ते ॲप बंद करून नव्याने सुरू करतो, म्हणून कॉल चालू असताना किंवा मोठा व्हिडिओ जात असताना हे करू नका.

टेलिग्राम आणि सिग्नलचे काय?

सिग्नलमध्ये अँड्रॉइडवर Settings, Appearance, Language अशी वाट आहे आणि बाकी वागणूक वर सांगितल्याप्रमाणे. टेलिग्राम वेगळे आहे. त्याच्या Settings मधल्या Language मध्ये निवडलेली भाषा टेलिग्रामच्या सर्व्हरवरून उतरते, त्यामुळे बदलताना नेट लागते आणि भाषांतरातल्या सुधारणा ॲप अपडेट न करताही पोहोचतात. तिथे लोकांनी केलेली भाषांतरेही `t.me/setlanguage/` ने सुरू होणाऱ्या दुव्यावरून लावता येतात. दुवा उघडल्यावर टेलिग्राम आधी विचारते. भाषांतर अधिकृत आहे की कुणी स्वतंत्रपणे केलेले, हे तिथेच वाचून मग होकार द्या, कारण बटणावरचे शब्द त्या भाषांतरकाराचे असणार आहेत.

संगणकावर किंवा नव्या फोनवर ही निवड आपोआप येते का?

भाषेची निवड त्या उपकरणापुरती असते. ती व्हॉट्सॲप खात्याशी जोडलेली नसते. ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब उघडले तर ते ब्राउझरच्या भाषेकडे पाहते, फोनवरच्या मराठीकडे नाही. नवा फोन घेतल्यावर चॅटचा बॅकअप परत आणला तरी भाषा एकदा तपासा आणि हवी तर वरच्याच वाटेने पुन्हा निवडा. जुना फोन मराठीत आणि नवा इंग्रजीत असेल आणि जुन्या फोनवर ॲपमध्ये वेगळी निवड कधी केलीच नसेल, तर नव्या फोनवर व्हॉट्सॲप इंग्रजीत उघडणे हे अपेक्षितच आहे: जुन्या फोनवरही ते फोनचीच भाषा घेत होते.